कोरियन कुलनामे आणि बोन-ग्वान : मोजक्या आडनावांमागील सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

दक्षिण कोरियात २०१५ साली झालेल्या जनगणनेनुसार त्या देशातील सुमारे पाच कोटी नागरिकांपैकी २१.५ टक्के लोकांचे आडनाव किम, १४.७ टक्के लोकांचे ई आणि ८.४ टक्के लोकांचे पाक होते. (ई व पाक ही आडनावे रोमन लेखनाच्या प्रभावामुळे आपल्याकडे ली व पार्क अशी परिचित आहेत.) म्हणजेच अवघ्या तीन आडनावांमध्ये देशातील जवळजवळ ४५ टक्के जनता सामावलेली होती. एका आधुनिक, औद्योगिकदृष्ट्या प्रगत राष्ट्रात असे चित्र का दिसावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर कोरियन कुलपरंपरेनेच देऊन ठेवले आहे. प्राचीन काळी थोडेच मूळपुरुष होते, त्यांचा वंश वाढत गेला आणि म्हणून आज त्यांची नावे धारण करणारे लक्षावधी लोक आढळतात, असे हे उत्तर आहे. प्रस्तुत शोधनिबंधात हे उत्तर तपासून पाहिले आहे. वंशविस्तार हे एक कारण असले तरी ते मुख्य कारण नव्हे. आडनाव ही मुळात राजसत्तेने वरिष्ठ वर्गाला दिलेली खूण होती आणि तिच्यापासून वंचित असलेल्या बहुसंख्य समाजाने ती सतराव्या ते विसाव्या शतकांच्या दरम्यान हळूहळू आत्मसात केली, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे. या प्रक्रियेचा शेवट मात्र अनपेक्षित झाला. पूर्वजांनी प्रतिष्ठेसाठी घेतलेले नाव विसाव्या शतकातील कायद्याने रक्ताचे नाते मानले आणि त्याची किंमत हजारो दांपत्यांना मोजावी लागली.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कोरियन आडनाव आणि बोन-ग्वान या संकल्पनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) आडनावांचा प्रसार वरिष्ठ वर्गाकडून सामान्य जनतेकडे कसा झाला, याचा एका कुटुंबाच्या उदाहरणाद्वारे शोध घेणे.
३) आडनावांची संख्या मर्यादित राहण्यामागील कारणांची मीमांसा करणे.
४) समान आडनाव व समान बोन-ग्वान असलेल्यांच्या विवाहबंदीचा या इतिहासाशी असलेला संबंध तपासणे.

आडनाव आणि बोन-ग्वान :

कोरियन व्यक्तीच्या नावात आडनाव प्रथम येते आणि ते बहुधा एकाक्षरी असते. ते पित्याकडून अपत्यास मिळते. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. परंतु केवळ आडनावावरून कुळाचा बोध होत नाही. सर्व किम एका कुळाचे मानले जात नाहीत. कुळ ठरते ते आडनाव आणि बोन-ग्वान यांच्या जोडीने. बोन-ग्वान म्हणजे कुळाच्या मूळपुरुषाशी जोडलेले स्थान. मराठीत त्यास 'मूळपीठ' म्हणता येईल. गिमहे हे मूळपीठ असलेले ते गिमहे किम, ग्यॉन्गजू असलेले ते ग्यॉन्गजू किम. जोन्जू ई हे कुळ जोसोन राजघराण्याचे, तर मिर्यांग पाक हे कुळ प्राचीन सिल्ला राज्याच्या पहिल्या राजाशी आपला वंश जोडते. मूळपीठाच्या गावी त्या कुळातील व्यक्ती राहत असलीच पाहिजे असे नाही. तिने ते गाव आयुष्यात पाहिलेलेही नसेल. तरीही बोन-ग्वान बदलत नाही.

२०१५ च्या जनगणनेत एकट्या गिमहे किम कुळाचे सुमारे ४४ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. मिर्यांग पाक ३१ लाखांच्या आसपास, तर जोन्जू ई २६ लाखांहून अधिक होते. आडनावांप्रमाणे बोन-ग्वानांच्या बाबतीतही मोजक्या नावांखाली प्रचंड लोकसंख्या एकवटलेली आहे, हे यावरून लक्षात येते.

गिमहे किम कुळाची उत्पत्तिकथा भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इर्यॉन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात ती येते. इ. स. ४२ मध्ये सुरो हा आकाशातून अवतरलेल्या सुवर्णअंड्यातून जन्मला आणि गाराक राज्याचा राजा झाला. पुढे इ. स. ४८ मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक समुद्रमार्गे आली आणि त्याची राणी झाली. कुलपरंपरेनुसार त्यांच्या दोन पुत्रांनी मातेचे 'हो' हे आडनाव घेतले. त्यामुळे गिमहे किम आणि गिमहे हो ही भिन्न आडनावांची कुळे परस्परांत विवाह वर्ज्य मानत आली. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ मध्ये अयोध्येत या राणीचे स्मारकही उभारण्यात आले. तथापि कथेतील घटना आणि ग्रंथाचे संकलन यांत बाराशे वर्षांहून अधिक अंतर आहे. म्हणून ही कथा पहिल्या शतकाचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. कुळे स्वतःकडे कसे पाहत होती, याचा पुरावा म्हणून मात्र ती मोलाची आहे.

आडनावांचा उगम : राजसत्तेचे दान

कोरियन द्वीपकल्पात आडनावे चीनच्या संपर्कातून आली. सहाव्या शतकात सिल्लाचा राजा जिनहुंग याने आपल्या राज्यविस्ताराच्या स्मरणार्थ शिलालेख कोरविले. त्यांत राजाबरोबरच्या अधिकाऱ्यांची नोंद आहे. परंतु तेथे प्रत्येकाचा विभाग, व्यक्तिनाम आणि पद एवढेच दिले आहे, आडनाव नाही. याच राजाचा उल्लेख चिनी इतिहासग्रंथात मात्र किम या आडनावासह येतो. चिनी दरबाराशी व्यवहार करताना आडनावाची गरज भासली आणि प्रथम राजघराण्याने ते धारण केले, असा अर्थ यातून निघतो. राज्याच्या उच्चाधिकाऱ्यांनाही तेव्हा ते आवश्यक नव्हते, तेथे शेतकऱ्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

आडनाव आणि स्थान यांची सांगड पक्की झाली ती गोर्यो राजवटीत. वांग गॉन याने ९१८ मध्ये गोर्यो राज्य स्थापिले आणि ९३६ पर्यंत द्वीपकल्पाचे एकीकरण केले. त्याला स्थानिक बलिष्ठ सरदारांच्या साहाय्याची गरज होती. या सरदारांना त्याने आडनावे बहाल केली आणि त्यांच्या प्रभावक्षेत्राशी त्यांची अधिकृत नोंद जोडली. आन्दोंगचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ९३० मध्ये गोचांग (म्हणजे आजचे आन्दोंग) येथे झालेल्या लढाईत तीन स्थानिक प्रमुखांनी वांग गॉनला मदत केली. त्यांपैकी किम हेंग याला राजाने 'ग्वॉन' हे नवे आडनाव दिले आणि तो आन्दोंग ग्वॉन कुळाचा मूळपुरुष ठरला. येथे आडनाव जन्माने मिळालेले नाही. ते युद्धातील सेवेचे बक्षीस आहे.

बोन-ग्वानाचे मूळ स्वरूपही भावनिक नसून प्रशासकीय होते. गोर्यो काळात बोन-ग्वान म्हणजे व्यक्तीची नोंद ज्या प्रशासकीय विभागात आहे तो विभाग. कर, वेठ आणि दर्जा हे सारे त्यावरून ठरत असे. ९५८ मध्ये चिनी धर्तीवर राजसेवेची परीक्षा सुरू झाली. पुढे कुलनोंद नसलेल्यास त्या परीक्षेस बसता येणार नाही, असा दंडक १०५५ मध्ये घालण्यात आला. अशा रीतीने आडनाव आणि बोन-ग्वान हे सत्तेच्या दरवाजाचे किल्ले झाले. दासांना व अनेक हीनदर्जाच्या लोकांना आडनाव नव्हते, कारण त्या दरवाजाशी त्यांचा संबंधच नव्हता.

वंशावळीतील परिवर्तन :

आन्दोंग ग्वॉन कुळाचीच १४७६ मध्ये प्रसिद्ध झालेली वंशावळ ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कोरियन वंशावळ होय. कोरियन भाषेत वंशावळीस 'जोकबो' म्हणतात. या ग्रंथाची प्रस्तावना सो गोजोंग या विद्वानाने लिहिली. तो स्वतः ग्वॉन नव्हता. ग्वॉन गन या प्रसिद्ध विद्वानाचा तो मुलीकडून नातू होता. ही वस्तुस्थिती त्या वंशावळीच्या स्वरूपाशी सुसंगतच आहे. तिच्यात सुमारे नऊ हजार व्यक्तींची नोंद असून त्यांपैकी ग्वॉन आडनावाच्या व्यक्ती अल्पसंख्य आहेत. उरलेले बहुसंख्य लोक मुलींच्या, नातींच्या आणि पणतींच्या वंशातील आहेत. मुलगे व मुली यांची नोंद जन्मक्रमानुसार केली आहे आणि स्त्रीच्या पुनर्विवाहाचीही नोंद लपविलेली नाही.

यावरून पंधराव्या शतकातील कुळाची कल्पना आजच्याहून किती वेगळी होती, हे स्पष्ट होते. कुळ म्हणजे केवळ पितृवंश नव्हता. प्रतिष्ठित घराण्यांचे ते परस्परांत गुंतलेले जाळे होते. गोर्यो राजघराण्यात तर सावत्र बहिणीशी विवाह होत असत. सतराव्या शतकापासून कन्फ्यूशियन पितृसत्ताक आचार समाजात खोलवर रुजला. वंशावळींतून मुलींचा वंश वगळला जाऊ लागला, मुलगे आधी आणि मुली नंतर असा क्रम आला आणि वारसाहक्क ज्येष्ठ पुत्राकडे झुकला. समान आडनाव आणि समान बोन-ग्वान म्हणजे एकच रक्त, ही धारणा 'प्राचीन परंपरा' म्हणून सांगितली जात असली तरी तिचे आजचे रूप मुख्यत्वे या उत्तरकाळात घडले.

एका दासकुटुंबाचा दोनशे वर्षांचा प्रवास :

आडनाव खालच्या थरांत कसे झिरपले, हे पाहण्यासाठी वंशावळीपेक्षा कुटुंबनोंदवह्या अधिक विश्वसनीय ठरतात. जोसोन राजवटीत (१३९२–१९१०) दर तीन वर्षांनी प्रत्येक जिल्ह्यात कुटुंबांची नोंद घेतली जाई. कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, दर्जा, बोन-ग्वान, तसेच पिता, आजोबा, पणजोबा व मातामह या चार पूर्वजांची माहिती तीत असे. वंशावळ ही वंशजांनी आपल्या इच्छेनुसार मागाहून लिहिलेली असते. नोंदवही मात्र त्या त्या वर्षाची असते. एकाच घराच्या लागोपाठच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की मधल्या काळात कोणता तपशील गुपचूप बदलला, हे लक्षात येते. संशोधकाच्या हाती असलेली ही सर्वांत उपयुक्त कसोटी होय.

दक्षिणेकडील ग्यॉन्गसांग प्रांतातील दानसोंग या लहान जिल्ह्याच्या नोंदवह्या मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्या आहेत. त्यांच्या आधारे ग्वॉन ने-ह्यॉन या इतिहासकाराने सुबोंग नावाच्या एका दासाच्या कुटुंबाचा मागोवा घेतला. १६७८ च्या नोंदवहीत सुबोंग हा सिम घराण्यातील एका यांगबानाचा दास म्हणून आढळतो. (यांगबान म्हणजे राजसेवेचा व विद्येचा अधिकार असलेला वरिष्ठ वर्ग.) तो मालकाच्या घरात न राहता वेगळे घर करून राहत होता. अशा दासांना स्वतःची शेती करून काही संचय करता येत असे. पुढे १७१७ च्या नोंदवहीत हाच सुबोंग सामान्य प्रजाजन म्हणून दिसतो. त्याला आता किम हे आडनाव आणि गिमहे हे बोन-ग्वान आहे. दुष्काळप्रसंगी शासनाला धान्य देणाऱ्यांना नाममात्र पदवी देण्याची पद्धत होती. तशी मानाची पदवीही त्याच्या नावापुढे लागली आहे.

सुबोंगने किम हे आडनाव आणि गिमहे हेच बोन-ग्वान घेतले, यात आश्चर्य नाही. त्या परिसरातील सामान्य लोकांत ते सर्वाधिक आढळणारे होते. जे नाव शेकडो घरांत आहे ते घेतल्यास कोणी वेगळे चौकशी करीत नाही. एखाद्या लहान, प्रतिष्ठित कुळाचे नाव घेतले असते तर त्या कुळातील लोकांनी लगेच आक्षेप घेतला असता.

परंतु प्रवास येथे संपला नाही. सुबोंगचे वंशज दीर्घकाळ सामान्य प्रजाजनच राहिले आणि त्या दर्जाबरोबर येणारे लष्करी कर्तव्य त्यांच्या वाट्यास आले. त्यांपैकी काहींनी पुढे गिमहे सोडून आन्दोंग हे बोन-ग्वान लावण्यास आरंभ केला. आन्दोंग किम हे त्या काळात राजदरबारात प्रबळ असलेले घराणे होते. शेवटी एकोणिसाव्या शतकातील नोंदींत या कुटुंबातील पुरुषांच्या नावापुढे 'युहाक' हा शब्द येतो. युहाक म्हणजे पदावर नसलेला विद्यार्थी. प्रत्यक्षात ती यांगबान असल्याची ओळख होती. दासाच्या पणतवंडांना विद्यार्थी म्हणवून घेण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे लागली. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीविषयी थोडे थोडे विसरण्याची तयारी दाखविली, म्हणूनच हे शक्य झाले.

जुनीच नावे का स्वीकारली गेली?

सुबोंगच्या कुटुंबाची ही वाटचाल अपवादात्मक नव्हती. जपानी विद्वान शिकाता हिरोशी यांनी देगू भागातील नोंदवह्यांचा अभ्यास करून दर्जानुसार कुटुंबांचे प्रमाण काढले. १६९० मध्ये तेथे यांगबान कुटुंबे ९.२ टक्के, सामान्य ५३.७ टक्के आणि दास ३७.१ टक्के होती. १८५८ मध्ये यांगबान ७०.३ टक्के, सामान्य २८.२ टक्के आणि दास अवघे १.५ टक्के झाले. पावणेदोनशे वर्षांत वरिष्ठ वर्गाची एवढी नैसर्गिक वाढ होणे अशक्य आहे. नोंदीतील दर्जा आणि गावाने मनोमन मान्य केलेला दर्जा यांत अंतर होतेच. नोंदवहीतला प्रत्येक 'विद्यार्थी' गावात यांगबान म्हणून मानला जात नसे. तरीही कागदावरील हा बदल खरा होता आणि त्याला एक सबळ आर्थिक कारण होते.

ते कारण म्हणजे लष्करी कापडकर. सामान्य प्रौढ पुरुषाला सैनिकी सेवेऐवजी वर्षाकाठी कापडाचे दोन तागे द्यावे लागत. १७५० मध्ये हे प्रमाण एका तागावर आणले गेले, पण यांगबान त्यातून मुक्तच राहिले. त्यामुळे वंशावळ ही अभिमानाची वस्तू न राहता करमुक्तीचे साधन बनली. ज्याच्याजवळ पैसा होता तो एखाद्या कुळाच्या नव्या आवृत्तीत आपले नाव घालून घेऊ शकत असे. पुसट झालेल्या किंवा निर्वंश झालेल्या शाखेला आपल्या पूर्वजाचे नाव जोडणे, ही त्यातील रूढ क्लृप्ती होती. आज वंशावळी तपासताना एखाद्या शाखेत अनेक पिढ्या केवळ एकेकच पुत्र दिसत असेल, पत्नींचे बोन-ग्वान नसेल आणि अठराव्या शतकानंतर एकाएकी तपशील वाढलेला असेल, तर तेथे जोडकाम झाल्याची शंका घेण्यास जागा असते.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. आडनावाचा हेतू स्वतःला इतरांपासून वेगळे दाखविणे हा नव्हता. प्रतिष्ठितांमध्ये मिसळून जाणे हा होता. नवीन आडनाव तयार करणे म्हणजे आपल्याला पूर्वज नाहीत, अशी जाहीर कबुली देणे. म्हणून नव्याने येणारा प्रत्येक जण जुन्याच नावांच्या छत्राखाली आला. १९३० च्या जनगणनेत अवघी २५० आडनावे नोंदली गेली, याचा अर्थ असा की दासप्रथेचा अंत होऊनही आडनावांच्या यादीत मोठी भर पडली नाही. पंधराव्या शतकातील भूवर्णनात्मक नोंदींत दिलेली अनेक बोन-ग्वाने तर आज कोणीच लावत नाही. त्यांचे लोक मोठ्या, नामांकित बोन-ग्वानांत विलीन झाले.

जपानशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जपानमध्ये १८७५ साली प्रत्येकाला आडनाव सक्तीचे झाले. तेथे लोकांनी शेत, नदी, डोंगर, वस्ती यांवरून मोठ्या संख्येने नावे घेतली आणि आज तेथील आडनावांची संख्या एक लाखाच्या घरात किंवा त्याहून अधिक मानली जाते. कोरियात शासकीय दासांची मुक्तता १८०१ मध्ये, दासत्वाच्या आनुवंशिकतेचा अंत १८८६ मध्ये आणि जन्माधारित दर्जाचे कायदेशीर उच्चाटन १८९४ मध्ये झाले. जपानी संरक्षणाखाली १९०९ मध्ये नागरी नोंदणीचा कायदा आला आणि प्रत्येकाची आडनाव व बोन-ग्वान यांसह नोंद करणे भाग पडले. ज्यांना तोवर आडनाव नव्हते त्यांनी पूर्वीच्या मालकाचे किंवा परिसरातील मोठ्या कुळाचे नाव लावले. जपानी शेतकऱ्यासमोर कोरी पाटी होती. कोरियन शेतकऱ्यासमोर मात्र दोनशे वर्षे इतरांनी गिरविलेली वाट होती.

पुढे जपानी सत्तेने १९३९ च्या आदेशान्वये १९४० मध्ये कोरियन कुटुंबांना जपानी पद्धतीची नावे घेण्यास लावले. ऑगस्ट १९४० पर्यंत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी ती नोंदविली. परंतु नोंदीत मूळ आडनाव व बोन-ग्वान कायम होते आणि अनेक किम कुटुंबांनी 'किम' या चिन्हाचा समावेश असलेले जपानी नाव निवडले. १९४६ मध्ये मूळ नावे पुन्हा प्रस्थापित झाली. ज्या नावांचा स्वीकार अनेकांच्या पूर्वजांनी चार-दोन पिढ्यांपूर्वीच केला होता, ती नावे परकीय सत्तेच्या दडपणामुळे आता राष्ट्रीय अस्मितेचा भाग झाली.

उसनवार नाव आणि विवाहबंदी :

स्वतंत्र दक्षिण कोरियाचा नागरी कायदा १९६० मध्ये अंमलात आला. त्यातील कलम ८०९ नुसार समान आडनाव व समान बोन-ग्वान असलेल्या स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध होता. नाते कितीही दूरचे असो, अथवा ते दाखविता न येवो, निषेध लागू होता. सहाशे जणांच्या कुळात अशा नियमाचा अडथळा क्वचितच जाणवेल. चाळीस लाखांच्या गिमहे किम कुळात मात्र तो दैनंदिन संकट ठरला. शहरीकरणामुळे कारखान्यांत, महाविद्यालयांत एकत्र येणाऱ्या तरुण-तरुणींना परस्परांचे बोन-ग्वान अनेकदा प्रेम जडल्यावर कळत असे.

अशा दांपत्यांना विवाहनोंदणी नाकारली जाई. ते एकत्र राहिले तरी कायद्याच्या दृष्टीने पती-पत्नी नव्हते. त्यांच्या अपत्यांची नोंद विवाहबाह्य अपत्ये म्हणून होई. वारसा, विमा, शाळेतील प्रवेश अशा प्रत्येक ठिकाणी कुटुंबनोंदीची प्रत मागितली जाई आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट उघडी पडे. शासनाने यावर तात्पुरता उपाय म्हणून तीन वेळा एकेका वर्षासाठी विशेष कायदा केला. १९७८ मध्ये सुमारे साडेचार हजार, १९८८ मध्ये बारा हजारांहून अधिक आणि १९९६ मध्ये सत्तावीस हजारांहून अधिक दांपत्यांनी आपले विवाह नोंदवून घेतले. तिन्ही मिळून ही संख्या चव्वेचाळीस हजारांवर जाते.

या दांपत्यांच्या स्थितीतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. सुबोंगच्या वंशजांसारखी गिमहे राहिलेली एक शाखा आणि दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातील मुक्त दासाची शाखा यांच्यात रक्ताचा कोणताही संबंध नसला, तरी कायद्यासमोर दोन्ही शाखा सुरो राजा आणि आयुताच्या राजकन्येची संतती होती. पूर्वज दास होते हे सिद्ध केले असते तर नाते नसल्याचे दाखविता आले असते. पण ते सिद्ध करणारी खूण पूर्वजांनीच काळजीपूर्वक पुसली होती. याउलट आईकडून जवळचे नाते असलेली व्यक्ती भिन्न आडनावाची असल्यामुळे या विशिष्ट निषेधाच्या बाहेर राहत होती. निकटचे रक्तसंबंध रोखणारी दुसरी तरतूद असल्यामुळे या निषेधाचे समर्थन आनुवंशिक आरोग्याच्या आधारेही टिकत नव्हते.

१६ जुलै १९९७ रोजी संविधान न्यायालयाने हे कलम संविधानाशी विसंगत ठरविले. मानवी प्रतिष्ठा व सुखाचा शोध घेण्याचा अधिकार, समता आणि विवाह व कुटुंबजीवनातील व्यक्तीची प्रतिष्ठा या तत्त्वांशी ते विसंगत आहे, असे न्यायालयाचे मत होते. कन्फ्यूशियन संघटनांनी तीव्र विरोध केला. संसदेने दिलेल्या मुदतीत दुरुस्ती न केल्याने १९९९ च्या आरंभापासून ते कलम निष्प्रभ झाले आणि २००५ मध्ये कायद्यात रीतसर दुरुस्ती झाली. त्यानुसार आठव्या श्रेणीपर्यंतच्या रक्तनातेवाइकांतील विवाह निषिद्ध आहे आणि यात पित्याचा व मातेचा पक्ष दोन्ही मोजले जातात. १४७६ च्या वंशावळीने मुलींच्या वंशाला जे स्थान दिले होते, ते एका अर्थी पाच शतकांनंतर कायद्यात परत आले. २००८ मध्ये कुटुंबप्रमुख-पद्धतीही संपुष्टात आली आणि विवाहसमयी उभयतांची संमती असल्यास अपत्यास मातेचे आडनाव देण्याची मुभा मिळाली.

आजची स्थिती :

२००० च्या जनगणनेत २८६ आडनावे होती, तर २०१५ मध्ये ती ५,५८२ झाली. ही वाढ पाहून जुनी रचना कोसळली असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी चार हजारांहून अधिक आडनावांना चिनी चिन्हच नाही. ती प्रामुख्याने नागरिकत्व स्वीकारलेल्या परदेशी व्यक्तींची आहेत. किमान पाच व्यक्ती असलेली आडनावे केवळ ५३३ भरतात. दुसरीकडे अनेक नवे नागरिक न्यायालयाच्या परवानगीने कोरियन आडनाव आणि नवे बोन-ग्वानही घेतात. अमेरिकेत जन्मलेले रॉबर्ट हॉली यांनी हा इल हे नाव घेतले आणि बुसान शहरातील योंगदो हे आपले मूळपीठ म्हणून नोंदविले. या घटनेला विचित्र मानण्याचे कारण नाही. दहाव्या शतकात वांग गॉनने किम हेंगच्या बाबतीत जे केले, तेच आता न्यायालय अर्जावरून करते.

निष्कर्ष :

१) कोरियन आडनावांची मर्यादित संख्या ही थोड्या मूळपुरुषांच्या वंशविस्ताराने पुरेशी स्पष्ट होत नाही. राजसत्तेने मोजक्या घराण्यांना दिलेली नावे पुढे बहुसंख्य समाजाने स्वीकारली, हे तिचे मुख्य कारण आहे.
२) बोन-ग्वान ही मुळात प्रशासकीय नोंद होती. रक्तसंबंधाचा अर्थ तिला पितृसत्ताक कन्फ्यूशियन आचाराच्या प्रभावाखाली प्राप्त झाला.
३) कर, दर्जा आणि दासत्वाची लाज यांमुळे नवीन आडनाव निर्माण करण्यापेक्षा जुन्या व मोठ्या कुळात विलीन होणे अधिक लाभदायक ठरले. जपानशी केलेली तुलना या निष्कर्षाला पुष्टी देते.
४) समान बोन-ग्वान विवाहबंदीने वंशावळीतील कल्पित नात्याला कायद्याचे बळ दिले. ज्यांच्या पूर्वजांनी दासत्वातून सुटण्यासाठी नाव घेतले, त्यांच्याच वंशजांना त्या नावामुळे विवाहाचा अधिकार नाकारला गेला.

सबब, कुलनामांच्या अभ्यासात वंशावळ हा अंतिम पुरावा न मानता ती लिहिणाऱ्यांची गरज काय होती, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. दानसोंगच्या नोंदवहीतील एका ओळीत आडनाव नसलेला सुबोंग आणि एकोणचाळीस वर्षांनंतरच्या ओळीत गिमहे किम असलेला सुबोंग, या दोन ओळींमधील अंतर हाच कोरियन आडनावांचा खरा इतिहास होय.